मग कशावर टाकायचे?

रात्री साडेदहाला मामेबहिणीचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, आणि त्याखाली एक ओळ: "बाबांच्या पंच्याहत्तरीला द्यायचंय. पुढच्या तीन चौकटींचे संवाद तू लिही. चित्रं पोरगी काढेल. बाबांना कळता कामा नये."

फोटोत मामाने काढलेली चार चौकटींची पट्टी होती. सांगलीला त्यांच्या गल्लीतल्या गणेशमंडळाचं हस्तलिखित निघायचं. त्यात मामा दर वर्षी 'गिरणी' नावाची चित्रमालिका काढायचा. ही 1986 सालची. मामाला आता कंपवात आहे. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो, तिथे पेन कुठून धरणार? म्हणून ही कल्पना. त्याची पात्रं, त्याचा विनोद, फक्त हात आमचे.

फोटो चोरून काढलेला होता आणि ते दिसतही होतं. पान प्लास्टिकच्या पाकिटात होतं, वर ट्यूबलाइट होती, तिचा पांढरा पट्टा तिसऱ्या चौकटीवरून आडवा गेला होता. मोबाइल तिरका धरलेला. त्यामुळे डावीकडची पहिली चौकट ऐसपैस आणि चौथी अंग चोरून बसल्यासारखी. डावी कडाही थोडी कापली गेली होती. तिथे कुणाचं तरी कोपर आणि ॲल्युमिनियमचा डबा एवढंच दिसत होतं.

जेवढं वाचता आलं ते असं.

पहिली चौकट. काकू: "दामूअण्णा, तसं काही नाही हो, पण आमचे गहू बाजरीवर टाकू नका. चपात्या काळ्या होतात." दामू: "बरं."

दुसरी चौकट. काकू: "आणि ज्वारीवरही नको. चपात्या तुटतात." दामू: "बरं."

तिसरी चौकट. काकू: "आणि डाळीवर तर मुळीच नको. ह्यांना बाधते." त्याखाली दुसरा फुगा, ट्यूबलाइटने अर्धा खाल्लेला: "मग कशावर टाका…"

चौथी चौकट. दामू: "उद्यावर."

मी एकटीच फिस्सकन हसले. मग फोन खाली ठेवला आणि हसू का आलं याचा विचार करत बसले, कारण पुढचं लिहायचं तर ते कळायला हवं.

ज्यांनी दळण मिक्सरच्या भांड्याइतकंच पाहिलंय त्यांच्यासाठी सांगते. चक्कीच्या दोन दगडांमध्ये आणि खालच्या पन्हळीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ अडकून राहतं. तुमचे गहू वरून ओतले की आधी ते बाहेर येतं आणि तुमच्या डब्यात पडतं. म्हणून "आमचं कशावर टाकताय?" हा गिरणीतला सनातन प्रश्न. आता बऱ्याच गिरण्यांत गव्हाची चक्की वेगळी असते, पण मामाच्या पट्टीतल्या गिरणीत एकच चक्की आहे, त्यामुळे प्रत्येक जण आधीच्याचं थोडं घेऊन जातो आणि आपलं थोडं पुढच्याला ठेवून जातो. गिरणीत 'टाकणे' म्हणजे हे. आणि घराघरात काम 'उद्यावर टाकणे' म्हणजे ते दुसरं. मामाने तीन चौकटी पहिला अर्थ पक्का केला आणि चौथीत एका शब्दात गाडी दुसऱ्या रुळावर नेली. शिवाय तो शब्द उत्तर म्हणूनही बरोबर आहे. काकूंच्या अटी पाळायच्या तर आज दळणं शक्यच नाही.

आता याच्यापुढे काय लिहायचं?

पहिल्या रात्री मी जे लिहिलं ते कुणालाही सुचेल असं होतं. पाचवीत काकू म्हणतात, "उद्या कुणाचं आहे?" दामू म्हणतो, "ज्वारीचं." सहावीत काकू, "मग परवा?" दामू, "बाजरीचं." सातवीत काकू, "मग?" दामू, "तेरवावर." लिहिताना बरं वाटलं. सकाळी वाचलं तर शिळ्या भाकरीसारखं कडक. 'तेरवावर' हा 'उद्यावर'चाच विनोद, फक्त दोन दिवस जुना. एकदा रूळ बदलल्याची गंमत असते. त्याच फाट्यावर गाडी पुन्हा आणली की प्रवासी खिडकीतून बघतसुद्धा नाहीत.

अडचण अशी की चांगल्या पट्टीची शेवटची चौकट हे बंद झालेलं दार असतं. कथा पुढे नेताना अर्धवट राहिलेलं काहीतरी हाताशी असतं, इथे मामाने मुद्दाम काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. त्या दाराला पुन्हा धक्के मारण्यात अर्थ नाही. ते दार हीच पुढच्या खोलीची भिंत धरून बांधकाम करायला हवं. मला मधुकर पाटकरांच्या 'आवाज' दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवली. कापलेल्या खिडकीतून काहीतरी भलतंच दिसायचं, आपण ओशाळून पान उलटायचो आणि तिथे अगदी सोज्वळ प्रकार चाललेला असायचा. पहिल्या चित्राचा विनोद पान उलटल्यावर पुरावा म्हणून वापरला जायचा, पुन्हा सांगितला जायचा नाही. मला तसं काहीतरी हवं होतं. चौथ्या चौकटीतला 'उद्यावर' हा पाचवीत विनोद राहता कामा नये, ती घडलेली गोष्ट व्हायला हवी.

हे कळलं, तरी दुसरा खर्डाही फसलाच, आणि त्याचं कारण वेगळं होतं.

तिसऱ्या चौकटीतला तो अर्धा फुगा मी दामूचा धरला होता. काकू अटींवर अटी घालतात, दामू वैतागून विचारतो, "मग कशावर टाकायचे?" आणि पुढच्या चौकटीत स्वतःच उत्तर देतो, "उद्यावर." म्हणजे माझा दामू हजरजबाबी झाला, गिऱ्हाइकाची फिरकी घेणारा. त्या हिशोबाने मी पुढे लिहिलं. "मग काय, तांदळावर टाकू? की तुमच्यावरच सोडू?" वगैरे. वाक्यं चुरचुरीत होती. पण पहिल्या दोन चौकटींत नुसतं "बरं" म्हणणारा माणूस हे बोलेल असं काही केल्या वाटेना. आवाज जुळत नाही हे कानाला आधी कळतं. कुठे जुळत नाही ते शोधायला मात्र वेळ लागतो.

शेवटी मी मामेबहिणीला म्हटलं, मामाच्या आणखी पट्ट्या पाठव. तिने दोन पाठवल्या. एकीत बाळ्या नावाचा सात-आठ वर्षांचा मुलगा डब्यावर बसलाय. "अण्णा, लाइट कधी येते?" दामू म्हणतो, "जायच्या आधी." दुसरीत एक गृहस्थ तावातावाने सांगतायत, पाच किलो दिलं होतं, पावणेपाच भरलं, पाव किलो गेलं कुठे? दामू काहीच बोलत नाही. कोपऱ्यातल्या मांजराकडे बोट दाखवतो. मांजर पहिल्या चौकटीत काळंकुट्ट आहे आणि शेवटच्या चौकटीत पीठ बसून बसून पांढरं झालंय.

मी पेन्सिल घेऊन मोजायलाच बसले. तीन पट्ट्या मिळून दामू बोललाय पाच शब्द: बरं, बरं, उद्यावर, जायच्या, आधी. एका वेळी दोनापेक्षा जास्त नाहीत. आणि एकही प्रश्न नाही. तो कुणाकडे बघतही नाही. मान कायम चक्कीच्या तोंडाकडे, भुवया पांढऱ्या. प्रश्न विचारण्याचं काम दुसरीच माणसं करतात. असा माणूस एकाच चौकटीत तीन शब्दांचा प्रश्न विचारेल?

मग त्या कापलेल्या कडेतल्या कोपराकडे माझं लक्ष गेलं.

मी बहिणीला फोन केला. म्हटलं, पाकिटातून पान बाहेर काढ, खिडकीजवळ जमिनीवर ठेव, वर दिवा नको, उजेड बाजूने येऊ दे. मोबाइल पानाला समांतर धर, पानाच्या चारही कडा दिसू देत. तिने दुसऱ्या दिवशी दुपारी मामा झोपलेला असताना ते केलं. नवा फोटो आला. डाव्या कडेचं ते कोपर बाळ्याचं होतं, आणि तिसऱ्या चौकटीत, जिथे आधी नुसता पांढरा पट्टा होता तिथे, काकूंच्या पदराशेजारी बाळ्या उभा होता. डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. फुग्याची शेपटी खाली वळून सरळ त्याच्या तोंडाशी गेली होती. "मग कशावर टाकायचे?"

मराठीने मला फसवलं होतं. तिथे 'टाकू' असतं तर दामू, 'टाकणार' असतं तर काकू नाहीतर बाळ्या, हे शेपटी न बघताही कळलं असतं. 'टाकायचे' हे कुणाच्याही तोंडी बसतं. त्यात गव्हाचं अनेकवचन कळतं, विचारणारा कळत नाही. आणि विचारणारा बदलला की सगळी पट्टी बदलते. दामू फिरकी घेत नाहीये. काकूंना त्याने "बरं" म्हटलंच आहे. पोराने निरागसपणे एक अडचणीचा प्रश्न विचारला आणि दामूने त्याला खरं ते उत्तर दिलं. विनोद करतोय हे त्याच्या गावीही नाही. काकू तक्रार गोडीत गुंडाळून आणतात, बाळ्या ती गुंडाळी सोडतो आणि दामू आत जे निघालं त्याचं नाव सांगतो. गिरणीतली कामाची वाटणी अशी आहे. माझ्या खर्ड्यात दामू एकटाच तिघांचं काम करत होता.

नव्या फोटोत आणखी एक खुलासा झाला. चौथी चौकट लहान नव्हतीच. तिरक्या फोटोमुळे मी समजून बसले होते की शेवटचा शब्द मोठा वाटावा म्हणून मामाने चौकट मुद्दाम आखडली, आणि त्यावर मनातल्या मनात एक छोटं भाषणही रचलं होतं. प्रत्यक्षात चारही चौकटी सारख्या. भाषण गेलं.

मग शब्द मोजले. पहिल्या चौकटीत दोघांचे मिळून पंधरा, दुसरीत सहा, तिसरीत बाळ्याच्या तिनांसह दहा, चौथीत एक. काकू सुरुवातीला फुगा भरून बोलतात, मग कमी होत जातात. तिसरीत पुन्हा थोडी गर्दी होते आणि त्या गर्दीनंतर एकच शब्द येतो, भोवती भरपूर कोरा कागद. जवळून बघितलं तर पहिल्या फुग्यात मामाने पाच ओळी बसवल्यात. देवनागरीला हे सोपं नाही. खाली उकार, वर वेलांट्या, त्यामुळे दोन ओळींमध्ये जागा सोडावीच लागते, आणि शब्द मध्येच तोडला तर शिरोरेषाही तुटते. मामाने एकही शब्द तोडलेला नाही. म्हणजे मला लिहायचे होते ते संवाद बोलून चांगले वाटून भागणार नव्हतं. ते पाच ओळींत मावायला हवे होते.

आता तिसरा खर्डा. 'उद्यावर' ही घडलेली गोष्ट, तर पाचव्या चौकटीत तो उद्या उजाडलाय. काकू सगळ्यांच्या आधी आल्यात. त्यांच्या मते प्रश्न सुटला, कारण पहिला नंबर असला की आधी कुणाचं दळणच नाही. गिरणीत रोज येणारा माणूस इथे हसेल, कारण त्याला माहीत असतं की चक्की रात्रीत स्वतःला धुऊन घेत नाही. सकाळचं पहिलं दळण काल संध्याकाळच्या शेवटच्या दळणावर पडतं. पण हे सांगायचं कुणी? दामू आपणहून सांगणार नाही. काकूंना सुचणार नाही. राहिला बाळ्या. आणि काल शेवटी काय दळलं याचं उत्तर मामाने तिसऱ्या चौकटीत आधीच देऊन ठेवलं होतं. बाजरी नाही, ज्वारी नाही. डाळ. ह्यांना बाधते ती.

पाचवी चौकट. वर छोट्या पट्टीत 'दुसऱ्या दिवशी सकाळी'. काकू: "तसं काही नाही हो, पण आज माझा पहिला नंबर! आता कुणावर टाकण्याचा प्रश्नच नाही." दामू: "बरं."

सहावी चौकट. बाळ्या: "अण्णा, काल शेवटी काय दळलं?" दामू: "डाळ."

सातवी चौकट. काकू: "कुणाची मेली?" दामू: "काकांची."

म्हणजे घरी "मला बाधते" म्हणणारे काका संध्याकाळी गुपचूप चणाडाळ दळून नेतायत, भजी कुठे तळली जातात ते देव जाणे. काका मामाच्या चार चौकटींत कुठेच नाहीत, फक्त 'ह्यांना' या एका शब्दात आहेत. तिथूनच त्यांना बाहेर काढलं. नवं माणूस आणावं लागलं नाही याचं मला जास्त समाधान वाटलं. पुढे वाढवताना हात पहिल्यांदा नव्या पात्राकडे जातो. गिरणीत एखादा इन्स्पेक्टर आणावा, काकूंची सून आणावी असं वाटतं. पण वाचणाऱ्याची ओळख व्हायला दोन चौकटी जातात आणि आपल्याकडे तीनच असतात.

शब्दही जुळले. काकूंचा पहिला फुगा चौदा शब्दांचा होता, माझ्या पाचवीतलाही चौदा. हे ठरवून नव्हतं केलं. "तसं काही नाही हो, पण" ने सुरू केलं की बाई तेवढ्याच लांबीवर थांबतात असं दिसतं.

मधल्या काळात एक रात्र मला हे करावं की नाही याचीच चुटपुट लागली. चार्ल्स शुल्झने 'पीनट्स' ही चित्रमालिका 2 ऑक्टोबर 1950 पासून जवळजवळ पन्नास वर्षं एकट्याने काढली. आपल्यामागे नव्या पट्ट्या दुसऱ्या कुणी काढू नयेत ही त्याची इच्छा होती आणि घरच्यांनी ती पाळली. 12 फेब्रुवारी 2000 ला तो गेला, शेवटची नवी पट्टी दुसऱ्याच दिवशीच्या रविवारी छापून आली, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत जुन्याच पुन्हा छापतात. मामा तर समोर बसलेला आहे आणि आम्ही त्याच्या पाठीमागे त्याच्या माणसांना बोलायला लावतोय. दामूला त्याने पाच शब्दांत उभा केला आणि मी फोटोतल्या ट्यूबलाइटवर विसंबून त्याला वाचाळ करून ठेवणार होते. पण मग विचार केला, मामा आहे म्हणूनच तर हे करायचं. चुकलं तर सांगायला तो आहे.

पंच्याहत्तरीच्या आठवडाभर आधी मी मामीला फोनवर वाचून दाखवलं. मामी कटात सामील होती. सातवी चौकट ऐकल्यावर ती म्हणाली, "दामू 'काकांची' कशाला म्हणेल गं?"

"मग काय म्हणेल?"

"'ह्यांची' म्हणेल. ती त्याच्यासमोर 'ह्यांना बाधते' म्हणून गेली ना? मग त्याला तेवढंच माहीत. ह्यांची."

मी फोन धरून गप्प. मामीने पन्नास वर्षांत मामाचं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. आमच्या घरात 'हे' म्हणजे मामाच. त्या सर्वनामाची ताकद तिला कळणार नाही तर कुणाला? 'काकांची' ही माहिती होती. 'ह्यांची' म्हटलं की काकूंचाच शब्द काकूंच्या पदरात परत पडतो, आणि दामू नेहमीसारखाच निर्विकार. त्याने फक्त प्रश्नाला उत्तर दिलंय. लिहिणारी मी, आणि शेवटचा शब्द मामीचा.

भाचीची अडचण चित्रातली होती. ती म्हणाली, "मावशी, मांजर काळं काढू की पांढरं?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मूळ पट्टीतही चौथ्या चौकटीअखेर मांजर पांढरं झालंय, डोळे तेवढे काळे. पाचवीत दुसरा दिवस. मांजर रात्रभर अंग चाटून पुन्हा काळं झालं असणार, मामाच्या प्रत्येक पट्टीत ते काळ्यापासूनच सुरू होतं. पण मग पाचवी ते सातवीत ते पांढरं व्हावं का? चक्की तर सुरूच झालेली नाही. दळण नाही तर पीठ कुठून उडणार? आम्ही ठरवलं, तिन्ही चौकटींत काळंच राहू दे. भाचीला ते आवडलं नाही. "मग ते काहीच करत नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं हे मला नंतर कळलं.

तिने मूळ पट्टीचा सरळ फोटो मापात छापून घेतला, काचेवर ठेवून दामूची मान आणि काकूंची पर्स गिरवून गिरवून हातात आणली आणि काळ्या शाईने तीन चौकटी काढल्या. मोठ्या कागदावर वर मामाच्या चार, खाली आमच्या तीन. खाली उजवीकडे एक जागा रिकामी राहिली. तिथे 'पंच्याहत्तरीच्या शुभेच्छा' लिहायचं असं बहिणीचं मत, पण मामाला असलं काही आवडत नाही म्हणून कोरी ठेवली.

वाढदिवसाला सकाळी ओवाळून झालं आणि कागद मामापुढे ठेवला. त्याने चष्मा बदलला. वरच्या ओळीवरून नजर भरभर गेली, खालच्या ओळीवर थांबली. पाचवी. सहावी. सातवी. तिथे त्याने मामीकडे पाहिलं.

"'ह्यांची' तुझं," तो म्हणाला.

मामीने ताट उचलून आत नेलं.

मग तो परत सहाव्या चौकटीवर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी बाजूला उभी, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी. शेवटी म्हणाला, "इथे दामू कशाला बोलतोय?"

"एकच शब्द आहे, मामा."

"एक पण कशाला? काल डाळ दळली ना? मग हे काळं कसं?" त्याचं बोट मांजरावर. "रात्री चाटून काढतं, पण मिशीला राहतंच. घरात हळद आहे का?"

सांगलीच्या घरात हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. भाचीने निरांजनाशेजारची वाटीच पुढे केली. मामाने पेन मागितलं नाही, ब्रश मागितला नाही. उजव्या हाताचं बोट वाटीत बुडवलं, डाव्या हाताने मनगट घट्ट धरलं आणि बोट मांजराकडे न्यायला लागला. हात थरथरत होता. सहाव्या चौकटीत मांजराच्या तोंडावर पिवळा डाग उमटला, मिशीपेक्षा मोठा, एका कानापर्यंत गेलेला. सगळ्या काळ्यापांढऱ्या कागदावर तेवढाच रंग.

"आता ह्याचं 'डाळ' काढ," तो भाचीला म्हणाला. "काकूला दे. बघितल्यावर ती बोलणारच."

भाचीने पांढऱ्या शाईने दामूचा फुगा भरून टाकला आणि सातवीत काकूंच्या फुग्यात जागा करून एक शब्द वाढवला. "डाळ! कुणाची मेली?" आता सहावीत बाळ्या विचारतो, दामू मान वर करत नाही, मांजर उत्तर देतं, आणि काकूंना कळतं. शब्दांची बेरीज तीच राहिली. फक्त एक शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला. मामाच्या जुन्या पट्टीतल्या त्या पाव किलोसारखंच, याही वेळी पिठाचा हिशोब मांजराच्या अंगावर निघाला. तीन पट्ट्या समोर ठेवून शब्द मोजले, पण ज्याला शब्दच नाहीत त्याला मोजायचं राहून गेलं होतं.

मामा बोट मागे घेत होता तेव्हा हात पुन्हा हलला आणि खालच्या रिकाम्या जागेत हळदीचे तीन-चार ठिपके पडले, एकामागे एक, कडेकडे जाणारे. मामी ओला कपडा घेऊन बाहेर आली. "पुसते, हळद सुकायच्या आत."

"राहू दे," मामा म्हणाला. "मांजर गेलं तिकडून."